पहिल्या ईमेलमध्ये दर लिहावा का? सिंधुदुर्गातल्या काजूविक्रीच्या निमित्ताने एक आढावा

कोकणातला बागायतदार माल आधी पाठवत आला आणि दर त्याला मागाहून कळत आला. आंब्याच्या पेट्या देवगड-मालवणहून ट्रकने मुंबईच्या बाजारात जायच्या आणि काही दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची. पेट्या किती, दर काय लागला, त्यातून हमाली, तोलाई, भाडं आणि कमिशन किती वजा झालं, आणि शेवटी हातात काय पडणार, हे सगळं त्या पट्टीवर. बागायतदार पट्टीवर नाराज असे, भांडेही. पण दर सांगण्याचं काम त्याच्याकडे कधी नव्हतंच.

आज त्याच घरातली मुलगी किंवा सून काजूचं प्रक्रिया युनिट चालवते आणि पुण्यातल्या मिठाईवाल्याला किंवा एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागाला स्वतः ईमेल लिहिते. समोरच्याने काही मागितलेलं नाही, त्याला हिचं नावही माहीत नाही. ओळख, माल, परवाना, नमुना पाठवायची तयारी हे सगळं लिहून होतं आणि मग हात थांबतो: दर लिहायचा का? लिहायचा तर एकच आकडा, की ‘अमुक ते तमुक’? गेली काही वर्षं मालवण आणि वेंगुर्ला तालुक्यातल्या अशा छोट्या युनिटांची पत्रं माझ्याकडे नजरेखालून घालायला येतात. बहुतेक पत्रं याच ओळीवर अडलेली असतात. या प्रश्नावर कोणकोणत्या भूमिका आहेत, त्यांना आधार काय, आणि कुठलं कोडं अजून सुटलेलं नाही, याचा हा आढावा.

एक मर्यादा आधीच घालून घेतो. समोरच्याने दर मागवले की आपण देतो ते कोटेशन. त्यात दर लिहायचा की नाही हा प्रश्नच नसतो. इथे विचार आहे तो न मागता पाठवलेल्या पहिल्या पत्राचा.

पार्श्वभूमी: रुमाल आणि लिलाव

दर बोलण्याच्या दोन रीती या किनाऱ्याला जुन्या ओळखीच्या आहेत. पहिली रुमालाखालची. फळबाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरत आणि बोटांच्या खुणांनी सौदा करत. दर फक्त त्या दोघांनाच कळे. शेजारच्याला वेगळा दर देण्याची मोकळीक त्यात होती आणि शेतकऱ्याला अंधारात ठेवण्याचीही.

दुसरी रीत मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी दिसते. होडी लागते, मासळीचे ढीग वाळूवर ओतले जातात, लिलाव पुकारणारा पहिला आकडा मोठ्याने टाकतो आणि बोली चढत जाते. ‘कितक्याक?’ याचं उत्तर तिथे सगळ्यांच्या देखत मिळतं. मात्र त्या उघडेपणामागे एक अट असते: माल समोर पडलेला असतो. सुरमई ताजी आहे की नाही हे घेणारा डोळ्यांनी आणि बोटांनी तपासतो, मग आकडा बोलतो.

ईमेलमध्ये माल समोर नसतो, म्हणून लिलावाची रीत पुरती लागू पडत नाही. पत्र पुढे कोणालाही पाठवता येतं, म्हणून रुमालाची गुप्तताही टिकत नाही. दोन्ही सवयी तोकड्या पडतात, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

काजूला ‘एक दर’ का नसतो

पुढच्या भूमिका समजायला काजूचा हिशेब थोडा पाहावा लागेल. बी बॉयलरमध्ये वाफवून, फोडून, गर सुकवून आणि साल काढून झाली की प्रतवारी होते. अख्ख्या गरांची प्रत आकारावरून ठरते. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 गर. डब्ल्यू 320 म्हणजे 300 ते 320. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. गराचे दोन भाग झाले की पाकळी, आणखी मोडले की तुकडा. एकाच पोत्यातल्या बीमधून या सगळ्या प्रती निघतात आणि त्यांचं प्रमाण बीवर अवलंबून असतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-7 या जातीची बी सुमारे 10 ग्रॅमची असते, त्यामुळे तिच्यात मोठे गर जास्त मिळतात. गावठी झाडांच्या बारीक बीमध्ये कमी.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, यंदाचे बाजारभाव नव्हेत. चार किलो बीला एक किलो गर हा ढोबळ ठोकताळा धरला तर 400 किलो बीमधून 100 किलो गर निघतो. बी ₹150 किलोने घेतली तर ₹60,000. वाफवणं, फोडणं, सोलणं, मजुरी, वीज आणि साठवणीवरचं व्याज मिळून किलो बीमागे ₹25 धरले तर आणखी ₹10,000. म्हणजे 100 किलो गर घरात ₹70,000 ला पडला, सरासरी ₹700 किलो.

समजा त्या 100 किलोत डब्ल्यू 240 आहे 20 किलो, डब्ल्यू 320 आहे 45, पाकळी 25 आणि तुकडा 10. हे अनुक्रमे ₹880, ₹780, ₹640 आणि ₹540 किलोने विकले गेले तर हातात ₹74,100 येतात. सुटले फक्त ₹4,100, आणि तेही चारही प्रती खपल्या तर. मोठा गर सगळे मागतात. पाकळी आणि तुकडा पडून राहिला की नफा त्यातच अडकतो. मोठ्या गराच्या दरात ₹50 सोडले तर 20 किलोमागे ₹1,000 जातात, म्हणजे नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा.

म्हणून ‘काजू काय दराने?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर ₹540 असू शकतं आणि ₹880 ही. त्यात पॅकिंग आणि पुण्यापर्यंतचं भाडं अजून धरलेलंच नाही.

पहिली भूमिका: दर स्पष्ट लिहावा

या बाजूचे लोक खरेदी करणाऱ्याच्या टेबलावरून पाहतात. कंपनीत दिवाळीची भेट ठरवणाऱ्या माणसाला वरून बजेट दिलेलं असतं: माणशी अमुक रुपये. त्याच्याकडे मिठाई, सुकामेवा, भांडी, बॅगा अशी वीस पत्रं येतात. दर नसलेल्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे आणखी एक पत्र लिहायचं, वाट पाहायची, मग कदाचित कळणार की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. तो ते करत नाही. दर असलेलं पत्र उचलतो.

या भूमिकेला अर्थशास्त्रातला एक जुना युक्तिवाद पाठबळ देतो. 1981 मध्ये सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रॉम यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की, माहिती उघड करणं फुकट आणि पडताळता येण्यासारखं असेल, तर जो ती दडवतो त्याच्याबद्दल समोरचा वाईटातली वाईट शंका धरतो. चांगली माहिती असलेला आधी बोलतो, मग मध्यम. शेवटी गप्प राहतो तो ज्याच्याकडे सांगण्याजोगं काही नाही तोच, असं वाचणारा समजून घेतो. दराच्या बाबतीत ही शंका ‘महाग असणार’ अशी होते.

दुसरा आधार मानसशास्त्रातला. 1974 मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी एका प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघातले किती टक्के देश आफ्रिकेतले असतील? चक्र 10 वर थांबलं त्या गटाचा अंदाज 25 च्या आसपास आला, 65 वर थांबलं त्यांचा 45 च्या. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने अंदाज ओढून घेतला. 2001 मध्ये अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि टोमास मुसवायलर यांनी हेच वाटाघाटीत तपासलं: पहिला आकडा जो टाकतो, सौदा त्याच्या बाजूला झुकतो. म्हणजे दर आधी लिहिणारा वाटाघाटीची जागा स्वतः आखून घेतो.

पण त्याच अभ्यासात एक उतारा होता. समोरच्याने, आकडा टाकणाऱ्याजवळ दुसरे कोणते पर्याय आहेत किंवा आपलं स्वतःचं लक्ष्य काय, हे मनात नीट धरलं, तर पहिल्या आकड्याची ओढ ओसरते. काजूच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाला डब्ल्यू 240 चा घाऊक दर ठाऊक नसतो. तिथे पहिला आकडा काम करतो. पुण्यातल्या मोठ्या मिठाईवाल्याकडे मात्र गोव्याचे, मंगळूरचे आणि आयात मालाचे दर रोज असतात. त्याच्यापुढे आपला आकडा हा तुलनेतला आणखी एक दर, इतकंच.

या बाजूचा एक साधा मुद्दा बहुधा विसरला जातो. किरकोळ विक्रीच्या पाकिटावर कमाल किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नमुना म्हणून तयार पाकीट पाठवलं तर किंमत त्याच्यावर आहेच. ती पत्रात लपवून हाती काहीच लागत नाही.

दुसरी भूमिका: पहिल्या पत्रात दर लिहू नये

ही भूमिका विकणाऱ्यांमध्ये जास्त आहे. ती निव्वळ संकोचातून आलेली आहे असं समजणं तिच्यावर अन्याय होईल.

पहिलं कारण वर मांडलेला हिशेबच. समोरच्याला कोणती प्रत हवी, किती, कशात भरून आणि कधी, हे ठाऊक नसताना दिलेला आकडा चुकीचाच असणार. जास्त लिहिला तर दार बंद; कमी लिहिला तर तो आकडा पुढच्या प्रत्येक बोलण्यात आडवा येतो. पहिल्या आकड्याची ओढ खरी असेल तर ती अंदाजे टाकलेल्या चुकीच्या आकड्यालाही तितकीच लागू आहे.

दुसरं कारण मोसमाचं. बी साधारण फेब्रुवारी ते मे या काळात येते आणि वर्षभराचा साठा त्याच दिवसांत करावा लागतो. मार्चमध्ये पत्र लिहिणाऱ्याला स्वतःची सरासरी खरेदी अजून माहीत नसते. एप्रिलच्या अखेरीस बीचा दर चढला की त्याने दिलेला दिवाळीचा भाव तोट्याचा ठरतो. जूननंतर बी कोठारात असते, खरेदीचा आकडा पक्का असतो आणि ही भीती बरीच कमी होते. म्हणजे ‘दर लिहू नये’ हा सल्ला मार्चमध्ये जितका योग्य, तितका ऑगस्टमध्ये राहत नाही. दोन्ही बाजूंच्या भांडणात ही तारीख क्वचितच कोणी विचारात घेतं.

तिसरं कारण वाचण्याच्या क्रमाचं. सिंधुदुर्गाचा काजू आयात बीपासून केलेल्या काजूपेक्षा बहुधा महाग पडतो. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, चवीचा फरक आहे, पण तो खाल्ल्यावर कळतो. आकडा आधी दिसला तर वाचणारा फक्त आकड्यांची तुलना करतो. म्हणून आधी नमुना, मग दर, असं हे लोक म्हणतात. किनाऱ्यावरच्या लिलावातला क्रम हाच आहे.

चौथं कारण पत्र फिरण्याचं. एका दुकानदाराला लिहिलेला दर फोनवरच्या एका फोटोतून दुसऱ्याकडे जातो. आपण एकाला 200 किलोसाठी दिलेला दर दुसरा 20 किलोसाठी मागतो. रुमालाची आठवण इथे होते.

या भूमिकेची कमजोरी तिचे समर्थकही मान्य करतात: दर मागायला समोरचा परत लिहील, हे ती गृहीत धरते. ओळख असेल, कोणाच्या शिफारशीने पत्र गेलं असेल तर तो लिहितो. अगदी अनोळखी पत्राला ही सवलत मिळेलच असं नाही.

तिसरी भूमिका: किंमतपट्टा द्यावा

दोन टोकांमधला मार्ग म्हणून बहुतेक जण इथे येतात. ‘₹540 ते ₹880’ असं लिहिलं की काही लपवलं असं होत नाही आणि अडकल्यासारखंही होत नाही, असं वाटतं. या मार्गावरचा नेहमीचा आक्षेप असा: घेणारा पट्ट्याचं खालचं टोकच वाचतो. ₹880 त्याच्या डोळ्यांत शिरत नाही. ₹540 मध्ये तो मोठा गर पाहू लागतो.

या आक्षेपाची पारख कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनिएल एम्स आणि मालिया मेसन यांनी 2015 मध्ये केली. त्यांनी पट्ट्यांमध्ये फरक केला. विकणाऱ्याला ₹780 हवे आहेत असं धरू. तो ‘₹730 ते ₹780’ म्हणाला तर स्वतःच मागे सरकला. असा पट्टा तोट्याचा. ‘₹760 ते ₹800’ म्हणाला तर हवा तो आकडा मध्ये आला; आकड्यात फारसा फायदा नाही, पण बोलणं मवाळ वाटतं. ‘₹780 ते ₹830’ म्हणाला, म्हणजे हवा तो आकडा खालच्या टोकाला ठेवला, तर नुसते ₹780 सांगण्यापेक्षा सौदा बऱ्याचदा चांगला झाला आणि संबंधही बिघडले नाहीत. कारण दुहेरी आहे: दोन्ही टोकं मिळून समोरच्याचा अंदाज घडवतात, आणि दिलेल्या पट्ट्याच्या खाली मागणं माणसाला थोडं उद्धट वाटतं. थोडक्यात, घेणारा खालचं टोक वाचतो हे खरंच धरून चाला; मग खालचं टोक आपल्याला परवडणारं असलं पाहिजे.

काजूच्या पत्रांत मात्र एक गफलत दिसते, जी या प्रयोगांमध्ये नव्हती. तिथे एकाच वस्तूचा पट्टा होता. आपल्या पत्रातला ‘₹540 ते ₹880’ हा चार वेगळ्या वस्तूंचा पट्टा असतो, फक्त तसं लिहिलेलं नसतं. वाचणाऱ्याला वाटतं की एकाच काजूवर ₹340 ची घासाघीस होऊ शकते. मग उत्तर येतं, ‘ठीक, ₹600 ने मोठा गर पाठवा’. पट्टा फसला आहे हे ओळखायची खूण हीच: समोरच्याने वरच्या टोकाचा माल खालच्या टोकाच्या आसपास मागितलेला असतो.

पट्टा टिकतो कधी, तर तो कशामुळे पडला हे त्याच ओळीत लिहिलेलं असतं तेव्हा. प्रत एकच, पण 50 किलोला ₹800 आणि 200 किलोपासून ₹780, असं लिहिलं की खालच्या टोकापर्यंत जायची वाट समोरच्याला दिसते: जास्त माल घ्या. कारण दिलं नाही तर खालचं टोक विकणाऱ्याच्या मनातली तडजोड वाटते आणि घेणारा ती आधीच खिशात घालतो. ‘₹540 पासून पुढे’ या लिहिण्याचंही तसंच. कशाचे ₹540, हे लगेच सांगितलं तरच ते प्रामाणिक ठरतं.

शब्द कसे निवडावेत

तीनही बाजूंचे अनुभवी लोक मजकुरापाशी आले की बरेच जवळ येतात. समोर कोण आहे यावरून कोणता आकडा लिहायचा हे ठरवावं, यावर फारसं दुमत नाही. दोन पत्रांतून हे पाहू.

पहिलं पत्र कंपनीला, ऑगस्टमध्ये, दिवाळीच्या भेटीसाठी. तिथे वाचणारा किलोत विचार करत नाही, माणशी खर्चात करतो. म्हणून प्रतींची यादी न देता एकच पाकीट:

‘दिवाळीच्या भेटीसाठी अख्ख्या मोठ्या काजूचं (डब्ल्यू 240) 500 ग्रॅमचं पाकीट, कागदी खोक्यात. 100 ते 299 पाकिटांना प्रति पाकीट ₹520. 300 पासून पुढे ₹500. पुण्यातल्या एका पत्त्यावर पोच धरून, जीएसटी वेगळा. हे दर 15 सप्टेंबरपर्यंत आलेल्या ऑर्डरींसाठी.’

इथे पट्टा आहे, पण त्याचं कारण संख्या आहे. भाडं धरलं आहे की नाही, कर आत आहे की बाहेर, हे दोन शब्द गाळले की तोच आकडा दोन घरांत दोन अर्थांनी वाचला जातो. पहिल्या ऑर्डरीतले निम्मे रुसवे इथले असतात.

दुसरं पत्र मिठाईवाल्याला. त्याला मोठ्या गराचा दर आधी लिहिणं हा नेहमीचा चुकलेला डाव. काजूकतलीसाठी काजू दळायचाच असतो. त्याला पाकळी आणि तुकडा चालतो. आपल्याकडे पडून राहणारा माल तोच. म्हणून:

‘काजूकतलीसाठी पाकळी आणि तुकडा आमच्याकडे जूनपासून नियमित निघतो. अर्ध्या किलोचा नमुना या आठवड्यात पाठवू शकतो. पाकळीचा आजचा दर 10 किलोच्या डब्यात, आमच्या युनिटवरून उचल धरून, ₹640 किलो, जीएसटी वेगळा. महिन्याला किती लागतो ते कळवलंत तर दर त्याप्रमाणे सांगतो.’

अख्ख्या गराचा उल्लेखच नाही. तो समोरून विचारला जातो आणि तेव्हा त्या विचारणेचं पत्र आपल्या हातात असतं. मार्चमध्ये हेच पत्र लिहायचं झालं तर दराच्या जागी सरळ कारण लिहिता येतं: ‘बीची खरेदी मेअखेर संपेल, जूनच्या पहिल्या आठवड्यात पक्का दर पाठवतो.’ दर का नाही याचं कारण आणि तो कधी येईल याची तारीख दिली की दडवल्याचा संशय उरत नाही. ‘दरासाठी संपर्क साधा’ या ओळीत हे दोन्ही नसतं.

शब्दांचा आणखी एक धागा कायद्याशी जोडलेला आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. तो लावताना प्रस्ताव आणि प्रस्तावासाठीचं नुसतं निमंत्रण यांत फरक धरला जातो. 1893 मध्ये हार्वे विरुद्ध फेसी या जमैकातल्या मालमत्तेच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की, विचारल्यावर कमीत कमी किंमत कळवणं म्हणजे विकायचा प्रस्ताव नव्हे. स्वतंत्र भारतात 1951 मध्ये मॅकफर्सन विरुद्ध अपण्णा या कूर्गमधल्या बंगल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच धागा धरला: ‘दहा हजारांखाली घेणार नाही’ असं कळवल्याने प्रस्ताव होत नाही. म्हणजे दर लिहिला की आपण बांधलो गेलो, ही भीती सरसकट खरी नाही.

पण उलट बाजूही आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या 2010 च्या निकालात बॉक्साइटच्या व्यवहारात ईमेलवर अटी ठरल्या आणि होकार आला, एवढ्यावर करार झाला असं सर्वोच्च न्यायालयाने धरलं. सही केलेला कागद नव्हता तरी. तेव्हा माल, प्रमाण, दर, पोच आणि मुदत हे सगळं लिहून ‘या दराने देऊ’ असं म्हटलं, तर समोरचा ‘मंजूर’ एवढंच लिहून आपल्याला धरू शकतो. ज्यांचा साठा मर्यादित आहे ते म्हणून शेवटी एक ओळ ठेवतात: ‘दर माहितीसाठी, साठा पाहून आम्ही लेखी कळवल्यावरच ऑर्डर पक्की.’ ती ओळ पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात टाकण्याऐवजी दराच्या लगेच खाली असेल तर ती अट वाटते, पळवाट वाटत नाही.

काय सुटलेलं नाही

पहिली मोठी उणीव पुराव्याची. वर उल्लेखलेले प्रयोग बहुतांशी वाटाघाटीला बसलेल्या माणसांवरचे आहेत. दोघांचं बोलणं सुरू झालेलं असतं, व्यवहार करायची इच्छा दोघांनाही असते. अनोळखी पत्रात त्याआधीचा प्रश्न असतो: वाचणारा उत्तर तरी देईल का? पहिला आकडा सौदा आपल्या बाजूला झुकवेल, पण तोच आकडा बोलणंच सुरू होऊ देणार नाही, असंही होऊ शकतं. एका टप्प्यावरचा फायदा दुसऱ्या टप्प्यावरच्या तोट्याला पुरून उरतो का, हे या प्रयोगांतून निघत नाही.

दुसरी अडचण स्वतः तपासून पाहण्याची. काही जण निम्म्या पत्रांत दर लिहून आणि निम्म्यांत न लिहून पाहतात. 40 पत्रं गेली, दराच्या 20 पत्रांना पाच उत्तरं आली, बिनदराच्या 20 ना तीन. हा फरक इतका छोटा आहे की तो नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. छोट्या युनिटला काही सिद्ध होण्याइतकी पत्रं पाठवायला तेवढी गिऱ्हाइकंच नसतात. शिवाय उत्तर न येणं मुकं असतं: दर पाहून सोडून दिलं, की पत्र उघडलंच गेलं नाही, ते कळत नाही. आलेली उत्तरं मात्र थोडं बोलतात. ‘शेवटचा दर काय?’ एवढंच आलं तर आपला आकडा घासाघिशीची सुरुवात म्हणून वाचला गेला. नमुना, ओलावा किंवा पॅकिंगबद्दल प्रश्न आला तर दर पचला आहे आणि आता मालाची परीक्षा आहे.

तिसरा प्रश्न एकच दर किती जणांना सांगायचा याचा आहे. 200 किलोवाल्याला एक दर आणि 20 किलोवाल्याला दुसरा, हे व्यवहाराला धरून आहे. पण पत्र फिरलं तर दुसऱ्याला ते पक्षपाती वाटतं. प्रमाणानुसार दर सगळ्यांना सारखा दाखवायचा की प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, यावर अनुभवी विक्रेत्यांतही एकमत नाही. लिलाव आणि रुमाल यांच्यातला जुना वाद इथे नव्या कपड्यांत उभा आहे.

जे बऱ्यापैकी स्थिर झालं आहे ते एवढंच. प्रत, प्रमाण आणि पोच न लिहिता टाकलेला आकडा कोणत्याच बाजूला मान्य नाही. पट्टा द्यायचा तर एका प्रतीचा आणि कारणासकट, आणि त्याचं खालचं टोक परवडणारं. बी अजून यायची असेल तर दराऐवजी तारीख. यापुढचा भाग ज्याच्या त्याच्या गिऱ्हाइकावर आणि कोठारातल्या साठ्यावर आहे.

पट्टी घेणाऱ्या आजोबांना निदान दर काय लागला ते आठवड्याभरात कळायचं. नातीला स्वतःच लिहिलेला दर बरोबर होता का, हे कळायला दिवाळी यावी लागते.